सुट्टीभर पुरेल असा एक कवडसा: सातारा-सांगलीच्या घरांसाठी

1 मेला निकाल हातात पडतो आणि जूनच्या मध्यापर्यंत मुलं घरात. पहिले चार दिवस मजेत जातात. पाचव्या दिवसापासून "आई, मी काय करू?" सुरू होतं. शिबिरांची फी परवडत नाही, आणि दिवसभर मोबाईल हातात द्यायला मन धजत नाही. अशा घरांसाठी मी एकच उद्योग सुचवणार आहे. तो रोज करायचा आहे, सहा आठवडे न थांबता करायचा आहे, आणि त्याला पन्नास रुपयांच्या वर खर्च येत नाही. गच्चीवर किंवा अंगणात सूर्याचा एक कवडसा पाडायचा आणि तो दुपारी कुठं पडतो याची रोज नोंद ठेवायची.

हा उद्योग आपल्याकडच्या सुट्टीला फार नेमका बसतो. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असलेल्या गावांवर वर्षातून दोनदा भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच गडप होते. त्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. सांगली-मिरजेला तो साधारण 7 मेला येतो, तासगाव आणि इस्लामपूरला 8 मेला, कराडला 8 किंवा 9 मेला, साताऱ्यात 10 मेला, तर वाई-फलटणला 11 मेला. वर्षानुसार एखादा दिवस इकडेतिकडे होतो. म्हणजे सुट्टी लागल्यावर तयारीला आठवडाभर मिळतो, मग तो दिवस येतो, आणि त्यानंतर उरलेली सगळी सुट्टी सावली उलट्या बाजूला, दक्षिणेकडे पडत राहते. वर्षातला बहुतेक काळ दुपारची सावली उत्तरेकडे पडते. ती दक्षिणेला गेलेली मुलांनी स्वतः मोजून पाहावी, हा या सगळ्याचा गाभा.

जमवाजमव

एक मीटरपेक्षा थोडा लांब असा प्लास्टिकचा पाइप लागेल. नळकाम करणाऱ्याकडे तुकडे पडलेले असतात, नाहीतर पडद्याचा जुना रॉडही चालतो. तो उभा करायला रंगाची रिकामी बादली आणि ती भरून वाळू किंवा बारीक खडी. जाड पुठ्ठा हवा, साधारण 15 सेंमी लांब आणि 10 सेंमी रुंद. जुन्या लग्नपत्रिकांमध्ये असा पुठ्ठा हमखास सापडतो. ओळंब्यासाठी शिवणाचा दोरा आणि एक जड नट. मोजायला टेप आणि फूटपट्टी. खाली अंथरायला जुन्या फ्लेक्सचा दोन-तीन फुटांचा तुकडा, ज्याची मागची बाजू पांढरी आहे असा. फ्लेक्स मुद्दाम सांगतोय. खडूच्या खुणा फरशी धुतली की जातात आणि कागद वळवाच्या पहिल्या सरीत भिजतो. फ्लेक्सवर मार्करने केलेली खूण जूनपर्यंत टिकते.

नुसत्या काठीच्या सावलीवर काम का भागत नाही, ते आधी सांगतो. सूर्य हा एक बिंदू नाही, आपल्याला तो सुमारे अर्धा अंश रुंद दिसतो. त्यामुळे मीटरभर उंचीवरून पडलेल्या सावलीचं टोक जवळजवळ एक सेंटीमीटरभर धूसर असतं. कुठं संपली म्हणायची यावर भावंडांची भांडणं होतात. त्याऐवजी पुठ्ठ्याला भोक पाडून त्यातून कवडसा पाडला, की पुठ्ठ्याच्या काळ्या सावलीत एक उजळ गोल दिसतो आणि गोलाचा मध्य सहज ठरवता येतो. फायली लावायच्या पंचिंग मशीनचं भोक पुरतं. कवडसा शर्टाच्या बटणापेक्षा थोडा मोठा येतो.

उभारणी

जागा निवडताना सकाळी नऊ ते दुपारी चार ऊन मिळतं का ते पाहा. पाण्याची टाकी, शेजारची इमारत, नारळाचं झाड यांची सावली दुपारी साडेबाराच्या आसपास तिथं येता कामा नये. एकदा जागा ठरली की सुट्टी संपेपर्यंत हलवायची नाही. म्हणून कपडे वाळत घालायच्या वाटेवरची जागा नको.

बादलीत पाइप मधोमध उभा धरून वाळू भरा आणि ठोकून घट्ट करा. पुठ्ठा पाइपच्या डोक्यावर आडवा चिकटवा, पण असा की भोक पाइपच्या बाजूला सात-आठ सेंटीमीटर आणि बादलीच्या काठाबाहेर येईल. रंगाची मोठी बादली असेल तर पुठ्ठा जास्त लांब घ्यावा लागेल आणि त्याला खालून एखादी कामटी चिकटवावी लागेल, नाहीतर तो उन्हानं वाकतो. भोक पाइपच्या अगदी जवळ ठेवलं, तर शून्य सावलीच्या दिवशी कवडसा बादलीतच पडेल. खाली फ्लेक्स अंथरून चारही कोपऱ्यांवर विटा ठेवा, आणि कोपरे कुठं आहेत त्याच्या खुणा फरशीवर रंगानं करून ठेवा. वाऱ्यानं फ्लेक्स सरकला तर पुन्हा जागेवर आणता येतो.

फ्लेक्सपासून पुठ्ठ्याच्या भोकापर्यंतची उंची बरोबर 100 सेंमी करा. पाइप वर-खाली करून हे जमतं. शंभर का, ते पुढं हिशेबात कळेल.

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी. भोकातून ओळंबा खाली सोडा. नट हलायचा थांबला, की त्याच्या बरोबर खाली फ्लेक्सवर एक ठळक फुली मारा. ही फुली म्हणजे आपला शून्य. इथून पुढं सगळी मापं याच फुलीपासून घ्यायची, पाइपच्या बुडापासून कधीच नाही. पाइप एक अंशानं जरी कलला, तरी मीटरभर उंचीवर पावणेदोन सेंटीमीटरची चूक होते, आणि आपण जे मोजणार आहोत ते सगळं फार तर दहा-अकरा सेंटीमीटरचं आहे. ओळंब्याच्या फुलीपासून मोजलं, तर पाइप वाकडा असला तरी फरक पडत नाही. गच्चीला पाणी जायला जो थोडा उतार असतो, त्याची मात्र इथं काळजी नको. इतक्या छोट्या अंतरात त्याचा परिणाम जाणवत नाही.

रोजची नोंद

पहिल्याच दिवशी मुलं विचारतील, बारा वाजता मोजायचं ना? नाही. घड्याळातले बारा हे 82.5 अंश पूर्व रेखांशावरचे आहेत, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेवरचे. सातारा 74 अंशांवर, म्हणजे साडेआठ अंश पश्चिमेला. एका अंशाला सूर्याला चार मिनिटं लागतात, त्यामुळे आपल्याकडे तो 34 मिनिटं उशिरा माथ्यावर यायला हवा. मे महिन्यात सूर्य घड्याळाच्या तीन-चार मिनिटं पुढे असतो, ती वजा केली की साताऱ्यात मध्यान्ह साडेबाराला होते आणि सांगलीत 12:28 च्या सुमारास. जूनच्या मध्यापर्यंत ही वेळ हळूहळू 12:34 पर्यंत सरकते. मुलांना हा आकडा आधी सांगू नका. दोन-तीन दिवस त्यांना नोंदी घेऊ द्या, मग त्यांनाच तो सापडतो.

नोंद अशी घ्यायची. सव्वाबाराला कवडशाच्या मध्यावर मार्करचा ठिपका द्यायचा. मग 12:20, 12:25 असं करत पावणेएकपर्यंत दर पाच मिनिटांनी एकेक ठिपका. एकूण सात ठिपके होतात. कवडसा पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतो, पाच मिनिटांत साधारण दोन सेंटीमीटर. सातही ठिपके फूटपट्टीनं एका सरळ रेषेनं जोडा. ही रेषा पूर्व-पश्चिम असते. फुलीपासून या रेषेवर गुण्यानं लंब टाका आणि त्याची लांबी मोजा. हे आजचं माप. तो लंब उत्तर-दक्षिण असतो.

मधला एखादा ठिपका ढगामुळे चुकला तरी बिघडत नाही, पाच ठिपक्यांवरही रेषा काढता येते. "बरोबर साडेबाराला एकदाच मोजू" असं मात्र करू नका. एका मिनिटात कवडसा जवळपास अर्धा सेंटीमीटर सरकतो आणि घड्याळ दोन मिनिटं पुढं-मागं असलं की माप फसतं. ठिपक्यांच्या रेषेला घड्याळाची चूक लागत नाही.

या अर्ध्या तासात मुलानं उन्हात उभं राहायचं नाही. ठिपका द्यायला अर्धं मिनिट पुरतं, तेवढ्यासाठी बाहेर जायचं आणि लगेच सोप्यावर किंवा जिन्यात परत. टोपी आणि पायात चप्पल हवीच, मे महिन्यात गच्चीची फरशी अनवाणी पायाला सोसत नाही. सात वर्षांच्या आतल्या मुलांना दुपारी बाहेर पाठवू नका, त्यांना सकाळचं काम आहे, ते पुढं येतं. आणि एक नियम पहिल्या दिवसापासून पाळायचा: भोकातून वर सूर्याकडे कुणीही डोळा लावायचा नाही. क्षणभरही नाही. आपण नेहमी जमिनीकडे बघतो.

वहीत रोज चार गोष्टी लिहायच्या: तारीख, माप, कवडसा फुलीच्या उत्तरेला की दक्षिणेला, आणि आभाळ कसं होतं याचं एक वाक्य. हे वाक्य मुलानं स्वतःच्या शब्दांत लिहावं. "यवतेश्वराच्या बाजूला ढग जमलेत" अशी ओळ आली तर ती तशीच राहू द्या, शुद्धलेखन त्या वेळी काढू नका.

काय दिसेल

साताऱ्यात 2 मेला कवडसा फुलीच्या उत्तरेला सुमारे 4 सेंटीमीटरवर पडतो. मग रोज साधारण अर्धा सेंटीमीटर तो फुलीकडे येतो. 6 मेला 2 सेंटीमीटर उरतात. 10 मेला ठिपक्यांची रेषा फुलीवरूनच जाते. त्या दिवशी साडेबाराला शेजारी एक पाण्याची बाटली किंवा पेला उभा ठेवा, त्याची सावली त्याच्याच बुडाखाली गेलेली दिसेल. लहान मुलांना हे जास्त भावतं. दुसऱ्या दिवशीपासून कवडसा दक्षिणेला. 20 मेला दक्षिणेला 4 सेंटीमीटर, महिनाअखेरीला साडेसातच्या जवळ, आणि शाळा सुरू व्हायच्या वेळी पावणेदहा. सांगलीत सुरुवातीला, 2 मेला, उत्तरेला अडीच सेंटीमीटरच असतात आणि शेवटी दक्षिणेला अकरापर्यंत जातात, कारण सांगली साताऱ्याच्या दक्षिणेला आहे.

दुपारी जेवण झाल्यावर, ऊन तापलेलं असताना, आलेख काढायचा. आलेख वहीच्या मधोमध आडवी रेषा, तिच्यावर तारखा. उत्तरेची मापं रेषेच्या वर, दक्षिणेची खाली. सहावी-सातवीत ऋण संख्या येतात तेव्हा मुलांना "शून्यापेक्षा कमी म्हणजे काय" हे पटत नाही. इथं त्यांचा स्वतःचा आलेख शून्य ओलांडून खाली जातो आणि वजा चार म्हणजे दक्षिणेला चार, एवढा साधा त्याचा अर्थ असतो. मला या सगळ्या उद्योगात आलेखाचा तास सगळ्यात मोलाचा वाटतो. मे महिन्यात रेषा झपझप उतरते. जून लागला की ती सपाट व्हायला लागते, रोजचा फरक अर्ध्या सेंटीमीटरवरून एक-दोन मिलिमीटरवर येतो. सूर्याचं उत्तरेकडे सरकणं 21 जूनला थांबणार आहे, त्याची ही चाहूल. "रेषा अशी का वाकली?" हा प्रश्न मुलानं विचारेपर्यंत थांबा, मग पृथ्वीच्या कललेल्या अक्षाबद्दल बोला. एक चेंडू, त्यात खुपसलेली विणकामाची सुई आणि मधे लावलेला दिवा यावर ते दाखवता येतं.

चूक झाली तर ती आलेखात कळते. एखाद्याच दिवशी माप सेंटीमीटरभर उडी मारून पुन्हा जागेवर आलं, तर त्या दिवशी ठिपके देताना वाऱ्यानं पुठ्ठा फडफडत होता किंवा गोलाचा मध्य चुकला. उडी मारली आणि मग सगळीच मापं तेवढ्या फरकानं पुढं चालू राहिली, तर बादली कुणीतरी हलवली आहे. पुन्हा ओळंबा सोडा आणि नवी फुली करा. रेषेनं शून्य भलत्याच दिवशी ओलांडलं, समजा साताऱ्यात 10 ऐवजी 13 मेला, तर पहिलीच फुली चुकलेली आहे. तीन दिवसांचा फरक, रोजचा अर्धा सेंटीमीटर, म्हणजे फुली दीड सेंटीमीटर बाजूला पडली. हा हिशेब मुलालाच करू द्या. दर रविवारी ओळंबा आणि 100 सेंमीची उंची तपासायची सवय लावा, वाळू बसते आणि पाइप थोडा खाली जातो.

सकाळचं काम

दुपारच्या नोंदीत लहानांना हात घालता येत नाही, म्हणून सकाळ त्यांची. सकाळी सात-साडेसातला अंगणात उभं राहायचं आणि मोठ्या भावंडानं खडूनं सावलीची कड काढायची. संध्याकाळी साडेपाचला त्याच पावलांच्या खुणांवर उभं राहून पुन्हा काढायची. सकाळची सावली पश्चिमेला आणि संध्याकाळची पूर्वेला, पण दोन्ही जराशा दक्षिणेकडे झुकलेल्या असतात, कारण या दिवसांत सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवतो. घराच्या उत्तरेकडच्या भिंतीवर सकाळी ऊन येतं का, तेही बघायला सांगा. हिवाळ्यात तिथं ऊन पोचत नाही.

मोठ्यांसाठी सकाळी 9:20 आणि दुपारी 3:40 या दोन वेळा खास आहेत. या सुमारास आपल्याकडे सूर्य 45 अंशांवर असतो आणि प्रत्येक उभ्या वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी पडते. मीटरभराची एक वेगळी काठी उभी करा. तिची सावली मीटरभर झाली, की धावत जाऊन नारळाची सावली मोजा. तीच नारळाची उंची. इथं वेळ थोडा असतो, पाच मिनिटांत सावली चार टक्क्यांनी बदलते. दहा मीटरच्या नारळात ते चाळीस सेंटीमीटर होतात. म्हणून दोन मुलं लागतात: एकानं काठीची सावली मोजायची, दुसऱ्यानं त्याच क्षणी झाडाची. मग वेळ कुठलीही चालते. झाडाची सावली भागिले काठीची सावली, गुणिले काठीची उंची.

नारळ, देवळाची दीपमाळ, पाण्याची उंच टाकी अशा वस्तू घ्या. आंबा घेऊ नका. आंब्याचा पसारा रुंद असतो आणि सावलीचं टोक शेंड्याचं नसून एखाद्या बाजूच्या फांदीचं असतं, उत्तर चुकतं आणि का चुकलं ते कळत नाही. दीपमाळेचं बूड रुंद असतं, तेव्हा माप तिच्या मध्यापासून धरायचं: बुडाच्या रुंदीचा अर्धा भाग सावलीत मिळवायचा. या कामात जमीन सपाट हवी. गच्चीचा उतार दुपारी चालत होता, पण लांब सावलीत चढ-उतार लगेच जाणवतो. विजेच्या खांबांजवळ मुलांना टेप घेऊन पाठवू नका.

फ्लेक्सवरची उत्तर-दक्षिण रेषा एकदा पक्की झाली, की ती गच्चीच्या फरशीवर रंगानं मोठी काढून ठेवा. मग गावाचा नकाशा मुलांनी स्वतः काढायचा. साताऱ्यातल्या बहुतेक पेठांमधून अजिंक्यतारा दक्षिणेला दिसतो, सांगलीत कृष्णा गावाच्या पश्चिमेला. आपल्या घरापासून त्या रेषेशी किती कोन होतो, हे कोनमापकानं मोजून वहीत लिहायचं. मोबाईलमधलं होकायंत्र पडताळ्याला वापरा, पण गच्चीतल्या लोखंडी सळ्यांमुळे ते भरकटतं. त्याचा आणि आपल्या रेषेचा मेळ बसला नाही तर रेषेवर विश्वास ठेवा.

पृथ्वीचा घेर मोजू या

हा भाग पाचवीच्या पुढच्या मुलांसाठी. यासाठी उत्तरेकडं दूर राहणारा एक नातेवाईक मुलगा किंवा मुलगी लागेल. नाशिकला मामा असेल तर सोन्याहून पिवळं, कारण नाशिक साताऱ्याच्या जवळजवळ सरळ उत्तरेला आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इराटोस्थेनिस नावाच्या ग्रीक विद्वानानं इजिप्तमध्ये हेच केलं होतं. दक्षिणेच्या सायीन या गावी सूर्य बरोबर माथ्यावर येतो, त्या दुपारी उत्तरेला अलेक्झांड्रियात उभ्या काठीची सावली किती पडते, त्यावरून त्यानं पृथ्वीचा घेर काढला. आपल्याकडे सातारा म्हणजे सायीन आणि नाशिक म्हणजे अलेक्झांड्रिया.

सातवीतली मुलगी साताऱ्यात आणि तिचा मामेभाऊ नाशिकला आहे असं धरू. दोघांनी तीच मांडणी करायची, दोन्हीकडे भोक 100 सेंमीवर. 10 मेला साताऱ्याचं माप शून्य येतं. नाशिकला मध्यान्ह साताऱ्यापेक्षा मिनिटभर उशिरा होते, तिथं ठिपक्यांची रेषा फुलीच्या उत्तरेला 4 सेंटीमीटरवरून जाते. फोनवर ही मापं एकमेकांना सांगायची.

हिशेबाला त्रिकोणमिती लागत नाही. 100 सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर त्याचा परीघ 628 सेंमी होतो. 4 सेंटीमीटर हा त्या परिघाचा कितवा भाग? 628 भागिले 4, म्हणजे 157 वा. सूर्याचे किरण दोन्ही गावी समांतर येतात, तेव्हा सातारा ते नाशिक हे अंतरही पृथ्वीच्या घेराचा 157 वा भाग असलं पाहिजे. हवाई अंतर सुमारे 257 किलोमीटर आहे. मोबाईलच्या नकाशावर सरळ रेषेनं मोजता येतं, किंवा शाळेच्या नकाशासंग्रहावर पट्टी ठेवून प्रमाणावरून काढता येतं. एसटीच्या रस्त्याचं अंतर घेऊ नका, रस्ता वळणावळणाचा असतो. 257 गुणिले 157, उत्तर 40,349 किलोमीटर. ध्रुवांवरून जाणारा पृथ्वीचा घेर 40,008 किलोमीटर आहे.

मुलांना इतकं जवळचं उत्तर येईलच असं नाही, आणि ते का येत नाही हे शिकण्यातच खरी शाळा आहे. नाशिकच्या भावानं 4 ऐवजी साडेचार मोजले असते, तर उत्तर छत्तीस हजारांच्या आसपास येतं. साडेतीन मोजले असते तर छेचाळीस हजार. अर्ध्या सेंटीमीटरनं एवढा फरक. म्हणून दोघांनीही सलग तीन-चार दिवस मापं घ्यायची आणि रोजच्या मापांवरून वेगवेगळी उत्तरं काढून त्यांची सरासरी घ्यायची. यासाठी साताऱ्यात शून्यच हवं असं नाही. साताऱ्यात कवडसा दक्षिणेला 1 सेंमी आणि नाशिकला उत्तरेला 3 सेंमी असेल, तर बेरीज 4. दोन्हीकडे एकाच बाजूला असेल तर वजाबाकी करायची. त्यामुळे 10 मेला ढग आले तरी काम अडत नाही. 20 मेच्या सुमारास नाशिकची शून्य सावली असते, तेव्हा साताऱ्यात दक्षिणेला 4 सेंटीमीटर येतात, आणि अनुभव पुन्हा उलट बाजूनं घेता येतो.

नातेवाईक नाशिकला नसले तर? पुण्याचा चुलतभाऊ फार जवळ पडतो. तिथला फरक दीड सेंटीमीटरच असतो आणि अर्ध्या सेंटीमीटरची चूक त्यातला तिसरा हिस्सा खाते. नागपूर चालतं, फरक सहा सेंटीमीटर येतो, पण नागपूर बरंच पूर्वेला आहे. तेव्हा अंतर सरळ नागपूरपर्यंत न धरता नकाशावर फक्त उत्तर-दक्षिण धरायचं: नागपूरच्या अक्षांशाची आडवी रेषा आणि साताऱ्याच्या अक्षांशाची रेषा यांच्यामधलं उभं अंतर. नागपूरला मध्यान्हही लवकर होते, सव्वाबाराच्या आधीच, तेव्हा तिथले ठिपके बारापासूनच सुरू करावे लागतात.

ढग आणि जून

मे महिन्यात वळवाचे ढग बहुतेक दुपारी तीननंतर चढतात, साडेबाराला आभाळ सहसा मोकळं असतं. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस आला की चित्र बदलतं. दिवसचे दिवस कवडसा दिसत नाही. अशा वेळी आलेखाच्या रेषेवरून मुलांनी अंदाज बांधायचा, "आज ऊन असतं तर कवडसा कुठं पडला असता?" आणि तो पेन्सिलनं मांडायचा. मधेच ऊन पडलं की पडताळून पाहायचं. पाइप आणि पुठ्ठा रात्री आत घ्या, बादली मात्र जागेवरून हलवू नका. पुठ्ठा भिजून लोळला तर नवा लावा. पाइप पुन्हा उभा केला किंवा पुठ्ठा बदलला, की ओळंबा सोडून नवी फुली करा आणि 100 सेंमीची उंची तपासा.

शाळा सुरू झाल्यावर फ्लेक्स गुंडाळून माळ्यावर ठेवा आणि वहीच्या शेवटच्या पानावर दुसऱ्या शून्य सावलीच्या तारखा लिहून ठेवा: साताऱ्यात 2 किंवा 3 ऑगस्ट, सांगलीत 5 किंवा 6 ऑगस्ट. तेव्हा पावसाचा जोर असतो, पण अधूनमधून पाच मिनिटांची उघडीप मिळते. मध्यान्ह त्या वेळी 12:40 च्या सुमारास होते, तेव्हा ठिपके 12:25 पासून सुरू करायचे.